पार्टची तारीख आणि गिऱ्हाइकाची तारीख: मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचा हिशोब

प्रश्न: बार्शीत एसटी स्टँडजवळ गाळा बघितला आहे. रिपेअरिंगचा कोर्स झाला, दुसऱ्याच्या दुकानात वर्षभर हात बसवला. ४ लाख भांडवल आहे. ॲक्सेसरीजही ठेवायच्या आहेत. पार्ट कुठून आणू, वॉरंटी किती देऊ, फोन किती वेळात परत देऊ आणि नफा किती धरू?

उत्तर:

तुमचे चारही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात. पार्टला दोन तारखा असतात. होलसेलवाल्याची वॉरंटी त्याच्या बिलाच्या तारखेपासून चालू होते, तुमची वॉरंटी फोन गिऱ्हाइकाच्या हातात दिल्यापासून. या दोन तारखांमधलं अंतर तुमच्या खिशातून भरलं जातं. हे अंतर किती ठेवायचं ते ठरलं, की कुठून खरेदी करायची, किती माल भरायचा आणि गिऱ्हाइकाला कोणता शब्द द्यायचा हे त्यातूनच निघतं.

कॉपी डिस्प्लेवर होलसेलवाला बहुतेक ठिकाणी फक्त टेस्टिंग वॉरंटी देतो, म्हणजे सात दिवस, फार तर पंधरा. तुम्ही एकदम वीस मॉडेलचे कॉम्बो, म्हणजे डिस्प्ले आणि टच एकत्र असलेले पडदे, भरून ठेवले आणि त्यातला एक दोन महिन्यांनी बसवला, तर त्या कॉम्बोची होलसेलवाल्याकडची वॉरंटी कधीच संपलेली असते. तुम्ही मात्र गिऱ्हाइकाला महिनाभराचा शब्द देऊन बसलेले असता. म्हणून माल आला त्याच दिवशी प्रत्येक कॉम्बो तपासायचा. ज्या मॉडेलचा चालू फोन हाताशी असेल त्यावर लावून बघा. नसेल तर निदान पट्टी, कनेक्टर आणि काचेच्या कडा भिंगाखाली बघा आणि मागच्या बाजूला बारीक पेनाने आल्याची तारीख घाला. जुन्या तारखेचा आधी बसवायचा.

खरेदी

बार्शीहून तुम्हाला दोन दारं जवळची आहेत, सोलापूर आणि पुणे. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली आणि आजूबाजूचा भाग, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचं मनीष मार्केट, दिल्लीत करोल बागचं गफ्फार मार्केट. जसजसं लांब जाल तसा भाव उतरतो आणि खराब माल परत करणं अवघड होतं. दिल्लीचा कॉम्बो पुण्यापेक्षा शंभर रुपयांनी स्वस्त पडला, तरी खराब निघाल्यावर तो पाठवायचा, त्याने बघायचा, मग बदली माल यायचा, यात टेस्टिंगची मुदत वाटेतच संपते. माझा सल्ला असा: डिस्प्ले आणि बॅटऱ्या पुण्याहून किंवा सोलापुरातून, जिथे रात्री पार्सल टाकलं की सकाळी हातात येतं. जॅक, पट्ट्या, बॅक पॅनेल, स्क्रू, गोंद असा परतीचा प्रश्न नसलेला माल मुंबईहून किंवा दिल्लीहून घाऊक.

होलसेलवाले दोनच धरा, पाच नकोत. दोघांकडे नियमित माल उचलला की परतीच्या वेळी तुमचं नाव ओळखीचं असतं. परतीचे नियम पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्या. सगळीकडे साधारण हेच असतं: वरची फिल्म काढलेली, पट्टी मुडलेली, काच तडकलेली किंवा त्यांचा सील स्टिकर फाटलेला असेल तर माल परत नाही. म्हणून नवा कॉम्बो चिकटवायच्या आधी फिल्म न काढता फक्त कनेक्टर लावून चालवायचा. सॅमसंगमध्ये `*#0*#` आणि शाओमीमध्ये `*#*#6484#*#*` टाकलं की टेस्ट मेनू उघडतो. लाल, हिरवा, निळा, पांढरा पडदा बघा, टच सगळ्या कोपऱ्यांत फिरवा, ब्राइटनेस खालून वर न्या. एका कडेने पिवळसर सावली किंवा मध्येच अडखळणारा टच याच वेळी दिसतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण या पाच मिनिटांत तो पार्ट अजून होलसेलवाल्याचा असतो. गोंद लागला की तुमचा.

कच्च्या चिठ्ठीवर माल स्वस्त मिळतो हे तुम्हाला माहीत असेलच. पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, तेवढाच फरक दिसतो. पण चिठ्ठीवर ना तारीख नीट असते ना मॉडेल, आणि वाद झाला की हातात काहीच नसतं. डिस्प्ले आणि बॅटरी बिलावरच घ्या.

किती माल भरायचा

पहिल्या तीन महिन्यांत डिस्प्लेचा साठा जवळपास करूच नका. बार्शीत कोणते फोन जास्त चालतात ते कोर्समध्ये शिकवत नाहीत. दारात येणारा प्रत्येक फोन, तुम्ही काम घेतलं किंवा नाही घेतलं, वहीत मॉडेलसकट लिहा. तीन महिन्यांत दहा-पंधरा मॉडेल पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. त्यांचेच दोन-दोन कॉम्बो ठेवा. काही कॉम्बो एकाहून जास्त फोनला बसतात. रेडमी ९ए, ९सी, ९आय आणि पोको सी३ यांना एकच चालतो. असा एक पार्ट चार ठिकाणी खपतो, म्हणून साठ्यात तो आधी. चार-पाच वर्षं जुन्या मॉडेलचा कॉम्बो कोणी कितीही स्वस्तात दिला तरी ऑर्डर आल्याशिवाय उचलू नका.

एक फोन धरून हिशोब

सोळा-सतरा हजारांचा ॲमोलेड फोन घ्या, ज्याचा फिंगरप्रिंट पडद्याखाली आहे. पडदा फुटला आहे. याचे तीन पर्याय बाजारात मिळतात. पुढचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरले आहेत, भाव आठवड्याला बदलतात.

पहिला पर्याय इन-सेल कॉपी, खरेदी १३०० आणि गिऱ्हाइकाकडून २५००. हा मुळात एलसीडी आहे, मागे बॅकलाइट असते. त्यामुळे पडद्याखालच्या फिंगरप्रिंटला बोट दिसतच नाही. पार्ट कितीही चांगला असला तरी तो फिंगरप्रिंट चालणार नाही. जाडी थोडी जास्त असल्याने कडा फ्रेमच्या वर येतात, काळा रंग राखाडी दिसतो, बॅटरी थोडी लवकर उतरते. दुसरा ओलेड कॉपी, खरेदी २४००, घ्यायचे ३८००. रंग बरा, आणि फिंगरप्रिंट मॉडेलनुसार चालतो किंवा अडखळतो, म्हणून बसवण्याआधी विचारून घ्यायचं. तिसरा कंपनीचा सर्विस पॅक, फ्रेमसकट, खरेदी ४२००, घ्यायचे ५५००.

टक्क्यांत बघितलं तर नफा ४८, ३७ आणि २४. त्यामुळे नवीन माणूस इन-सेल गळ्यात मारतो. रुपयांत बघा: १२००, १४०० आणि १३००. आता यातून परत येणाऱ्या फोनांचा खर्च काढा.

समजा शंभर इन-सेल बसवले आणि दहा वॉरंटीत परत आले. त्यातले सहा होलसेलवाल्याने बदलून दिले, चार नाकारले. चारांचे ५२००, आणि दहाही पुन्हा उघडून बसवायचे, गोंद, पार्सल मिळून प्रत्येकी १५० धरले तर १५००. एकूण ६७००, म्हणजे प्रत्येक कामामागे ६७ रुपये. शिवाय शंभरात दोन कॉम्बो आपल्याच हातून फुटतात, त्याचे आणखी २६. म्हणजे साधारण ९५. ओलेड कॉपीला परतीचं प्रमाण तेवढंच धरलं तर पार्ट महाग असल्याने हाच आकडा १६० च्या आसपास जातो. सर्विस पॅक शंभरात तीन परत आले आणि त्यातला एक नाकारला गेला असं धरा. त्याचे सत्तेचाळीस आणि हातून फुटण्याचे चौऱ्याऐंशी, असे १३०.

वजा करून उरतात अकराशे, साडेबाराशेला थोडे कमी, आणि पावणेबाराशे. तिन्ही जवळपास सारखेच. म्हणजे गिऱ्हाइकाला अमुकच घ्या असं ढकलायचं तुम्हाला कारणच राहत नाही. तिन्ही पर्याय काउंटरवर सांगा, इन-सेलवर फिंगरप्रिंट चालणार नाही हे त्याच्याकडून जॉबकार्डावर सही घेऊन लिहा, आणि तो निवडेल ते बसवा. फरक फक्त वेळेत आणि अडकलेल्या पैशात आहे. सर्विस पॅकला नुसता पडदा चिकटवून भागत नाही. बोर्ड, बॅटरी, कॅमेरे, स्पीकर सगळं नव्या फ्रेममध्ये हलवावं लागतं, दीड तास जातो. पण बसतो मात्र कंपनीसारखा. त्यासाठी पार्टची पूर्ण किंमत ॲडव्हान्स घेतल्याशिवाय ऑर्डर करू नका, कारण गिऱ्हाइकाने तोंड फिरवलं तर ४२०० चा कॉम्बो तुमच्या कपाटात पडतो.

दर कामामागे हे शंभर ते दीडशे रुपये खरोखर वेगळ्या डब्यात टाका. वॉरंटीचं काम आलं की त्यातूनच खर्च करा. डबा महिनाअखेर रिकामाच राहिला, तर कोणत्या होलसेलवाल्याच्या मालाने तो खाल्ला हे वहीत दिसेल. तुमचे स्वतःचे आकडे मिळाले की वरचे विसरा.

वॉरंटी

कॉपी डिस्प्लेला एक महिना, सर्विस पॅकला तीन महिने, बॅटरीला तीन महिने, चार्जिंग जॅकला एक महिना. पाण्यात पडलेल्या फोनला काहीच नाही, आणि हे फोन उघडण्याआधी सांगायचं. पलीकडचा दुकानदार सहा महिने सांगत असेल तर सांगू द्या.

वॉरंटी कशाला आहे ते बिलावर मराठीत छापा: टच बंद पडणं, काच न तडकता रेघा येणं, डिस्प्ले आपोआप काळा होणं. कशाला नाही तेही: तडा, दाब पडून आलेला काळा डाग, पाणी, दुसरीकडे उघडलेला फोन. शेवटच्या मुद्द्यासाठी बसवताना कनेक्टरच्या पट्टीवर चटकन फाटणारा छोटा स्टिकर आणि पार्टच्या पाठीवर तुमची खूण हवी. नाहीतर कोणाचा तरी खराब पार्ट तुमच्या नावावर परत येतो. दाबाचा डाग ओळखणं सोपं आहे. तो शाईच्या ठिपक्यासारखा दिसतो, दिवसागणिक पसरतो आणि भिंगाखाली त्या जागी बहुधा बारीक तडा सापडतो. पार्टच्या दोषाची रेघ सरळ, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते. पट्टीच्या बाजूला हलकं दाबलं तर ती येते-जाते.

वॉरंटीपेक्षा जास्त भांडणं 'आधी चालत होतं' यावरून होतात. फोन हातात घेतल्यावर गिऱ्हाइकासमोर चार्जिंग, स्पीकर, माइक, दोन्ही कॅमेरे, फिंगरप्रिंट आणि नेटवर्क बघा आणि जे बंद आहे ते जॉबकार्डावर लिहा. `*#06#` टाकून आयएमईआय उतरवा. पडदा पूर्ण काळा असेल तर 'तपासता आलं नाही' असं लिहा. फोन कंपनीच्या वॉरंटीत असेल तर उघडल्यावर ती जाण्याची शक्यता आहे हे सांगा. आयफोन ११ पासून पुढच्या मॉडेलला बाहेरचा डिस्प्ले बसवला की सेटिंगमध्ये पार्ट अस्सल नसल्याचा किंवा ओळखता येत नसल्याचा मेसेज येतो आणि ट्रू टोन जाऊ शकतो. हेही आधीच सांगायचं, नाहीतर तुम्ही फसवलं असंच त्याला वाटणार.

वेळ

'अर्ध्या तासात' अशी पाटी लावू नका. पडदा बसवणं पाऊण तासाचं काम आहे, पण टी-७००० सारखा गोंद पूर्ण पकडायला २४ ते ४८ तास घेतो. क्लॅम्प लावून निदान दोन-तीन तास ठेवला नाही, तर फोन खिशात जातो, गरम होतो आणि चार दिवसांनी एक कड उचलली जाते. तिथून धूळ जाते, मग पडद्याखाली उजेड फुटतो आणि तुमच्या वॉरंटीच्या कामात भर पडते. सकाळी घेतलेला फोन संध्याकाळी द्यायचा असं सांगा. परत देताना चोवीस तास घट्ट खिशात घालू नका, हेही सांगा.

बॅटरी आणि जॅक पार्ट असेल तर तासाभरात. फुगलेली बॅटरी काढताना धातूची पट्टी घालून उचकटू नका, गोंद अल्कोहोलने सैल करा आणि काढलेली बॅटरी वाळूच्या डब्यात दुकानाबाहेर ठेवा. पार्ट नसेल तर पुण्याच्या होलसेलवाल्याची पार्सल टाकायची वेळ विचारून तुमची ऑर्डरची वेळ ठरवा. समजा तो सातला टाकतो, तर साडेपाचपर्यंत आलेल्या फोनची ऑर्डर आज आणि फोन उद्या संध्याकाळी. साडेपाचनंतर आला तर परवा. हे ठरलं की काउंटरवर बसलेला मुलगाही तुम्हाला न विचारता वेळ सांगू शकतो.

बोर्डाची कामं, म्हणजे डेड सेट, पाणी, चार्जिंग आयसी, पहिल्या वर्षी बाहेर पाठवा. सोलापुरात किंवा पुण्यात फक्त बोर्डच करणारे कारागीर आहेत. त्यांच्या मजुरीवर तुमचे तीस टक्के लावा आणि गिऱ्हाइकाला आठ दिवस सांगा. डेटा हवा आहे का हे पहिल्याच मिनिटाला विचारा, कारण काही वेळा फोन वाचवायचा मार्ग डेटा पुसूनच जातो.

काच बदलण्याचं ओसीए मशीन, सेपरेटर, बबल रिमूव्हर याचा मोह पहिल्या वर्षी टाळा. ॲमोलेडवरची नुसती काच उतरवताना खालचा पॅनेल जातो, आणि हात बसेपर्यंत गेलेले पॅनेल तुमच्याच खर्चाने भरून द्यावे लागतात.

ॲक्सेसरीज

रोजचा रोख पैसा इथून येतो. टेम्पर्ड ग्लास २०-२५ ला येते आणि बसवून १०० ला जाते. कव्हर ५० ला येतं, १५० ला जातं, पण मॉडेल जुनं झालं की उरलेली कव्हरं कोणी घेत नाही, म्हणून एका मॉडेलची तीन-चारच ठेवा. चार्जर आणि पॉवर बँकेत नफा २५-३० टक्क्यांवर थांबतो. ते मात्र बीआयएसचं मानक चिन्ह आणि आर क्रमांक छापलेलेच घ्या, कारण या वस्तूंना नोंदणी सक्तीची आहे. वितरकाकडून सहा महिन्यांची बदली मिळणारा ब्रँड घेतला तर तिथे दोन तारखांचा त्रास जवळजवळ संपतो. मोठ्या कंपनीचं नाव छापलेले नकली चार्जर आणि इअरबड ठेवू नका. ट्रेडमार्कच्या तक्रारीवर पोलीस येतात आणि सगळा माल उचलतात.

भांडवल आणि महिना

४ लाखांची विभागणी मी अशी करीन: गाळ्याचं डिपॉझिट ६० हजार, काउंटर, फर्निचर, लाइट ८० हजार, हॉट एअर, डीसी सप्लाय, मायक्रोस्कोप, मल्टिमीटर आणि बाकी हत्यारं ६५ हजार, ॲक्सेसरीज ७५ हजार, पार्ट ४५ हजार. उरलेले ७५ हजार बँकेत. ते पार्टमध्ये घालायचे नाहीत.

भाडं ९ हजार, पोरगा ८ हजार, वीज-इंटरनेट-पार्सल साडेतीन हजार, तुमच्या घरखर्चाचे २० हजार धरले तर महिना साडेचाळीस हजार होतात. सव्वीस दिवसांनी भागा, रोज साधारण १५६० हातात उरले पाहिजेत. कमी किमतीच्या एलसीडी कॉम्बोत वॉरंटीचा डबा काढून सहाशे उरतात, म्हणजे असे दोन पडदे, एक-दोन बॅटऱ्या किंवा जॅक आणि पंधराशेची ॲक्सेसरीज विक्री झाली की तो दिवस निघतो. पहिले चार महिने एवढं होणार नाही, बँकेतले ७५ हजार त्यासाठीच आहेत. लग्नसराईत आणि दिवाळीत ॲक्सेसरीज वाढतात, पावसाळ्यात पाण्यातले फोन वाढतात आणि नफा वाढत नाही.

कागदपत्रांचं फार नाही. तुमच्यासारख्या एक-दोन माणसांच्या दुकानाला दुकान अधिनियमाखाली ऑनलाइन सूचना पुरते. दुरुस्ती ही सेवा असल्याने, आणि तुम्ही सोबत मालही विकणार असल्याने, जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची उलाढाल धरा, ४० लाखांची नाही.

जुने फोन घेणं-विकणं पहिल्या वर्षी नको. पुढे केलंत तर फोन घेण्याआधी `KYM` पुढे जागा सोडून आयएमईआय असा एसएमएस 14422 ला पाठवा, विकणाऱ्याचं ओळखपत्र घ्या, आणि उत्तरात फोन ब्लॉक केलेला निघाला तर तो दुकानात ठेवूनही घेऊ नका. आयएमईआय बदलून द्या म्हणणारा माणूस आठवड्याला एखादा येतोच. त्याला काम होत नाही एवढंच सांगायचं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आयएमईआय बदलण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.